सुवर्णाताईंच्या ब्लाऊज ऑर्डरचा फॉर्म (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सुवर्णाताई, सी-१०३: सगळ्यांना नमस्कार. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या ऑर्डर सुरू झाल्यात. एक विनंती आहे, ब्लाऊज टाकताना सगळं एकदम सांगाल का? एकेका ब्लाऊजसाठी दिवसभर मेसेज चालतात, मी मशीनवर असते, हात कापडावर असतो, फोन बघायला उठलं की शिवण सुटते. आणि मग गळा किती ते विचारायचं राहिलं म्हणून कटिंग दुसऱ्या दिवशीवर जातं.

अनघा, ए-१०१: ताई आम्हाला पण कळत नाही ना काय काय सांगायचं असतं, तुम्ही विचारता तसं आम्ही सांगतो. एक यादी टाका ना ग्रुपवर.

रेवती, ए-४०२: यादी नको, फॉर्म करूया, गूगल फॉर्म. मी आणि सुवर्णाताई काल बसलो होतो, त्यांच्या परवानगीने जुने चॅट चाळले, कुठले प्रश्न परत परत येतात ते बघितलं. माप कशावरून घ्यायचं, मागचा गळा किती, हुक पुढे की मागे, अस्तर लावायचं का, काठ कुठे घ्यायचा आणि कधी हवाय, फिरून फिरून हेच. बाकीचं सगळं गप्पांमध्ये येऊन जातं, त्याने कटिंग अडत नाही. म्हणून ठरवलं की ज्या उत्तराने कात्री वेगळी चालणार तेवढाच प्रश्न फॉर्ममध्ये ठेवायचा. लटकन कुठलं, गोंडे कुठल्या रंगाचे हे ट्रायलला ठरलं तरी चालतं, ते फॉर्ममध्ये घातलं तर फॉर्म उगाच लांबतो आणि लोक अर्ध्यातच सोडून देतात.

जोशी काकू, बी-२०१: अगं पण मला ते फॉर्म वगैरे भरता येत नाही रेवती. मी आपली मापाचा ब्लाऊज नेऊन देते सुवर्णाकडे.

रेवती, ए-४०२: काकू तुमच्यासाठी तर एकदम छोटा आहे. पहिलाच प्रश्न आहे "माप कसं देणार" आणि तीन पर्याय, मापाचा ब्लाऊज देणार, माझं माप ताईंच्या वहीत आहे, आकडे टाकणार. पहिलं निवडलं की आकड्यांचं पानच येत नाही. गूगल फॉर्ममध्ये प्रश्नाच्या तीन टिंबांत `Go to section based on answer` म्हणून आहे, ते चालू केलं की उत्तराप्रमाणे पुढचं पान उघडतं, फक्त प्रश्न मल्टिपल चॉइस किंवा ड्रॉपडाऊन पाहिजे, चेकबॉक्सला ते चालत नाही. मापाबद्दल तुम्हाला फक्त एकच विचारेल, "मापाचा ब्लाऊज आत्ता घातला तर कुठे घट्ट किंवा सैल होतो".

सुवर्णाताई, सी-१०३: हा प्रश्न मी मुद्दाम घालायला सांगितला. मापाचा ब्लाऊज बऱ्याचदा दोन-तीन वर्षांपूर्वीचा असतो, मी तंतोतंत त्याच मापाचा शिवते आणि मग दंडात घट्ट येतो. आधी कळलं तर आत मार्जिन जास्त ठेवता येतं.

निखिल, सी-५०४: आकडे टाकणाऱ्यांचं काय? आईने मागे बहिणीचं माप फोनवर पाठवलेलं, छाती १८ लिहिली होती.

रेवती, ए-४०२: हो, हाच सगळ्यात मोठा घोळ. ब्लाऊज सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलं की अर्धंच माप मिळतं, १८ म्हणजे खरं ३६. आणि काहीजणींकडचा टेप सेंटीमीटरच्या बाजूने धरला जातो, मग तेच माप ९१ येतं. म्हणून छातीच्या प्रश्नाला `Response validation` लावलंय, नंबर २६ ते ६० मध्येच पाहिजे. १८ टाकला तरी लाल अक्षरात येतं "सपाट मोजलं असेल तर दुप्पट करा, माप इंचात लिहा", ९१ टाकला तरी तेच. पुढे जाताच येत नाही.

रेवती, ए-४०२: पण एक गोष्ट त्याने पकडली जात नाही. अंगावरून घेतलेलं ३६ आणि तयार ब्लाऊजचं ३६ वेगळं असतं, कारण तयार ब्लाऊजमध्ये ढिलाई आधीच धरलेली असते. ताई अंगाच्या मापात ढिलाई मिळवतात, ब्लाऊजच्या मापात नाही. म्हणून आकड्याच्या आधी वेगळा प्रश्न आहे, "हे माप अंगावरून की ब्लाऊजवरून". तो `Required` आहे.

अनघा, ए-१०१: आणि गळ्याचं? मी दरवेळी "मागे डीप" लिहिते आणि ताई विचारतात किती डीप 🙏

सुवर्णाताई, सी-१०३: कोणाचा डीप म्हणजे ७ इंच असतो कोणाचा १०. अंदाजाने कापला आणि जास्त झाला तर परत जोडता येत नाही ना.

रेवती, ए-४०२: त्यासाठी फोटो घातलेत. ताईंनी स्वतः शिवलेल्या ब्लाऊजच्या पाठीचे तीन फोटो, स्टँडवर घालून काढलेले, ७, साडेआठ आणि १० इंच. खांद्याच्या शिवणीपासून सरळ खाली मोजायचं हे वर लिहिलंय. फोटो बघून नुसतं टिक करायचं. १० निवडलं की पुढच्या पानावर दोरीचं विचारतं, कारण एवढ्या खोल पाठीला दोरी नसेल तर खांदा उतरतो. बोट नेक निवडला तर हुक पुढे हा पर्यायच दाखवत नाही.

अनघा, ए-१०१: मग मी आत्ताच भरते, दिवाळीत भावाचं लग्न आहे, काठपदराची साडी आहे, ब्लाऊज पीस साडीलाच जोडलेला आहे. लिंक टाक.

रेवती, ए-४०२: पर्सनलवर टाकली. भरून झालं की जिथे अडलं ते सांग.

अनघा, ए-१०१: भरला. पटकन झालं, पण एके ठिकाणी थांबले. काठ कुठे घ्यायचा त्यात मी "बाहीला आणि पाठीला" निवडलं, बाही कोपरापर्यंत ११ इंच. मग दंडाचा घेर विचारला. काठाचा आणि दंडाचा काय संबंध?

सुवर्णाताई, सी-१०३: खूप संबंध आहे अनघा. साडीतला ब्लाऊज पीस साधारण ८० सेंटीमीटर असतो म्हणजे साडे एकतीस इंच, आणि काठ त्याच्या दोन्ही कडांना. बाहीला काठ हवा म्हणजे बाहीचं खालचं टोक काठावर ठेवून कापायचं. दंड १२ असेल तर मार्जिन धरून एक बाही १४ इंच रुंद, दोन शेजारी शेजारी ठेवल्या की २८, एकाच काठावर दोन्ही बसतात आणि दुसरा काठ पाठीला मिळतो. पण दंड १५ असेल तर एक बाही १७, दोन मिळून ३४, एका काठावर बसतच नाहीत. मग एकेका काठावर एकेक बाही घ्यावी लागते आणि पाठीला पूर्ण काठ उरत नाही, उरलाच तर तुकडा, तो जोड देऊन लावावा लागतो. तुझा दंड किती लिहिलास?

अनघा, ए-१०१: १५ 😟

सुवर्णाताई, सी-१०३: मग आताच सांग, जोड चालेल का, की पाठ साधी ठेवून फक्त बाहीला काठ. हे मला पूर्वी कापड टेबलावर पसरल्यावर कळायचं आणि मग तुला फोन, तू ऑफिसमध्ये, संध्याकाळी उत्तर.

अनघा, ए-१०१: पाठ साधी ठेवा. जोड नको, काठपदराला दिसतो तो.

रेवती, ए-४०२: हा प्रश्नही आता ताईंच्या अकाउंटवरून फॉर्ममध्ये घालते, "काठ पुरला नाही तर आधी कुठे घ्यायचा". अनघामुळे कळलं की तो लागतोच.

शिंदे मॅडम, बी-६०३: रेवती, माझी मुलगी अमेरिकेत असते, ती तिथून ऑर्डर देते. डिझाईनचा फोटो फॉर्ममध्येच टाकता येईल का?

रेवती, ए-४०२: येतो मॅडम पण मी मुद्दाम ठेवला नाही. फाईल अपलोडचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गूगलमध्ये साइन इन करावंच लागतं. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या फोनमधला जीमेल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाचा, पासवर्ड कोणाला आठवत नाही, तिथेच फॉर्म बंद करतात. म्हणून फोटो ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि खाली नाव आणि साडीचा रंग लिहायचा. आणि फोटो डिझाईनचाच हवा, अंगावरचा स्वतःचा फोटो कोणीही पाठवू नये, त्याची गरज नाही.

जोशी काकू, बी-२०१: हे मापं कोणाकोणाला दिसणार? सगळ्या ग्रुपला नको बाई.

रेवती, ए-४०२: अजिबात नाही काकू. उत्तरांची शीट फक्त ताईंच्या अकाउंटवर आहे, मी फॉर्म बनवून त्यांच्याकडे दिला आणि माझा अ‍ॅक्सेस काढून घेतला. फॉर्मच्या सेटिंगमध्ये सगळ्यांच्या उत्तरांचा सारांश दाखवायचा एक पर्याय असतो, तो बंद आहे हे तपासलंय.

निखिल, सी-५०४: ताईंना ती शीट फोनवर आडवी सरकवत वाचायला त्रास होणार. नवीन टॅब करून पहिल्या ओळीच्या पहिल्या खान्यात हे टाका, एका ऑर्डरची एक ओळ होते, सरळ कॉपी करून गिऱ्हाइकाला पाठवता येते. कॉलम तुमच्या फॉर्मप्रमाणे बदला.

```
=ARRAYFORMULA(IF('Form Responses 1'!B:B="","",
'Form Responses 1'!B:B&" | मागचा गळा "&
'Form Responses 1'!F:F&" | बाही "&'Form Responses 1'!H:H))
```

वेगळ्या टॅबमध्येच टाका, उत्तरांच्या टॅबमध्ये फॉर्म दरवेळी नवीन ओळ घालतो, तिथे शेजारी खाली ओढलेला फॉर्म्युला नव्या ओळीला लागत नाही.

रेवती, ए-४०२: भारी, हेच हवं होतं. ती ओळ ताई पाठवतील, समोरून "हो" आलं की कटिंग. म्हणजे एका ऑर्डरला एक फॉर्म, एक मेसेज, एक हो.

शिंदे मॅडम, बी-६०३: तिला तीन ब्लाऊज शिवायचेत, तिन्ही एकाच फॉर्ममध्ये?

रेवती, ए-४०२: नाही मॅडम, एक ब्लाऊज एक फॉर्म. परत परत तेच प्रश्न आपोआप वाढत जातील अशी सोय गूगल फॉर्ममध्ये नाही, आणि एकत्र लिहिलं की कुठला गळा कुठल्या साडीला ते मिसळतं. पण माप परत टाकायला लागू नये म्हणून ताईंच्या अकाउंटवरून `Get pre-filled link` वापरून मी तिला तिचं नाव आणि माप आधीच भरलेली लिंक करून देते, ती फक्त गळा, बाही आणि काठ बदलेल. ती लिंक मात्र पुढे पाठवू नका, त्यात माप असतं.

सुवर्णाताई, सी-१०३: तारखेचं पण सांग ना.

रेवती, ए-४०२: हो, फॉर्ममध्ये "कधी हवाय" नाही विचारलेलं, "कार्यक्रम कधी आहे" विचारलंय. कधी हवाय विचारलं की सगळे "लवकरात लवकर" लिहितात. कार्यक्रमाची तारीख कळली की ताई स्वतः मागे मोजतात, ट्रायल चार दिवस आधी, अस्तर भिजवून वाळवायला एक दिवस त्याच्या आधी. कॉटनचं अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि ब्लाऊजला आतून सुरकुत्या पडतात.

जोशी काकू, बी-२०१: बरं मग मी उद्या संध्याकाळी ब्लाऊज घेऊन येते सुवर्णा, तूच भर माझा फॉर्म, मी समोर बसून सांगते.

सुवर्णाताई, सी-१०३: या काकू. सहानंतर या, तोपर्यंत अनघाच्या बाह्या कापून होतील.