मदत हवी आहे : चार महिन्यांच्या बाळाचे नाक रात्री चोंदते

आमच्या चार महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली असून दिवसा ते बऱ्यापैकी खेळते, मात्र रात्री आडवे ठेवले की नाक चोंदते आणि झोप मोडते. दूध पितानाही दोन-चार घोट घेऊन ते तोंड सोडते, श्वास घेते, रडते आणि पुन्हा ओढू लागते. डॉक्टरांनी तपासले आहे. ताप नाही, छाती साफ आहे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात नाही आणि लंगोटही नेहमीइतकेच ओले होतात.

सध्या पाजण्याच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन थेंब टाकतो, मिनिटभर थांबतो आणि मऊ झालेला शेंबूड रबरी फुग्याने ओढतो. फुगा बाहेरच दाबून मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावतो. वारंवार ओढल्याने आतली त्वचा सुजते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त करत नाही. पाजल्यावर काही वेळ उभे धरतो, खोलीत थंड वाफेचे यंत्र लावतो.

डोक्याखाली उशी द्या किंवा गादी एका बाजूने उंच करा, असे घरातले सांगतात. त्याने मान वाकून श्वास अडकू शकतो, म्हणून बाळाला सपाट गादीवर पाठीवरच झोपवतो. त्यामुळे कृपया तो उपाय, तसेच नाक मोकळे करणारी औषधी थेंबे किंवा बाम सुचवू नयेत.

प्रश्न एवढाच आहे : मध्यरात्री नाक घरघरत असूनही बाळ झोपलेले असेल, तर सलाईनसाठी त्याला उठवावे, की ते पिण्यासाठी स्वतःहून जागे होईपर्यंत थांबावे?