कांद्याच्या पेशीत तारककाय कुठून आलं? ('क्रम लावा'वरून चर्चा)

सातपूरचे सर (मूळ पोस्ट)
दहावीच्या पेशीविभाजनावर सराव संच केलाय. चार जोड्या लावा, पाच विधानांचा क्रम लावा. आकृत्या कांद्याच्या मुळाच्या आहेत. क्रमाची विधानं: (अ) केंद्रकावरण नाहीसे होते (ब) केंद्रिका नाहीशी होते (क) तारककाये विरुद्ध ध्रुवांकडे जातात (ड) गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात (इ) अर्धगुणसूत्रे वेगळी होतात. उत्तर: क-ब-अ-ड-इ. हे फुकटचे गुण आहेत, पोरांकडून बिनधास्त सोडवून घ्या. कुणाला काही खटकलं तर सांगा.

भिंगवाला
खटकलं, आणि बरंच खटकलं.

आकृती कांद्याच्या मुळाची आणि विधान तारककायाचं. कांद्याच्या पेशीत तारककाय नसतं. ज्या पोराने आकृती नीट पाहिली तो 'क' कुठे बसवायचं म्हणून अडणार आणि ज्याने आकृतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही तो पाठ केलेलं उतरवून पूर्ण गुण घेणार. आकृती प्राण्याच्या पेशीची द्या, नाहीतर विधान बदला.

दुसरं म्हणजे 'क' आणि 'ब'. दोन्ही पूर्वावस्थेतच घडतं आणि साधारण एकाच सुमारास चालू असतं. तारककायं आधी सरकली की केंद्रिका आधी विरली, हे तुमच्या उत्तरपत्रिकेत ठरलंय, पेशीत ठरलेलं नाही. क-ब लिहिणारा बरोबर असेल, तर ब-क लिहिणाराही बरोबर. म्हणजे पाचांपैकी क्रम खरोखर ठरलेला फक्त शेवटच्या तिघांचा.

क्रमाच्या प्रश्नात विधानं अशी हवीत की आधीचं घडल्याशिवाय पुढचं घडूच शकत नाही:
१. गुणसूत्रे आखूड व जाड होऊन दिसू लागतात.
२. केंद्रकावरण नाहीसे होते.
३. तुर्कतंतू गुणसूत्रबिंदूंपाशी जोडले जातात.
४. सर्व गुणसूत्रे मध्यावर एका पातळीत येतात.
५. अर्धगुणसूत्रे विलग होऊन ध्रुवांकडे ओढली जातात.
आवरण असेपर्यंत बाहेरचे तंतू आत पोचत नाहीत, म्हणून २ नंतर ३. दोन्ही बाजूंनी ओढ बसल्याशिवाय गुणसूत्रं मध्यावर स्थिरावत नाहीत, म्हणून ३ नंतर ४. पाठांतर नसलेलं पोरही विचार करून इथवर पोचतं.

खवचट मास्तर
यीस्टमध्ये केंद्रकावरण जातच नाही हो. सगळं विभाजन आतल्या आत उरकतं. तुमचं 'घडूच शकत नाही' तिथे कोसळलं.

भिंगवाला
मास्तर, आकृती कांद्याची आहे, पावाची नाही. पण ठीक, प्रश्नाच्या डोक्यावर 'कांद्याच्या मुळाच्या पेशीत' असं लिहू. झालं समाधान?

खवचट मास्तर
अर्धं.

कॉलेज रोड
भिंगवाल्यांचं पटलं. वनस्पतीत तारककाय नाही म्हणजे तुर्कतंतूही नाहीत, मग तुमचं तिसरं विधानही कांद्याला लागू नाही. तेही काढा.

भिंगवाला
अर्धवट बरोबर. तारककाय नाही, तुर्कतंतू आहेत. वनस्पतीपेशी ते तारककायाशिवाय तयार करते, म्हणून ध्रुव टोकदार न दिसता रुंद, पिंपाच्या तोंडासारखे दिसतात. तंतू नसते तर गुणसूत्रं कुणी ओढली असती?

इंदिरानगरची आई
हे सगळं ठीक आहे, पण गुणांचं काय? माझ्या मुलीने असाच प्रश्न सोडवला. शेवटचं विधान पहिलं लिहिलं आणि बाकीचे चार ओळीने बरोबर. बाईंनी भोपळा दिला. सरसकट शून्य द्यायची ही कुठली पद्धत?

सातपूरचे सर
ताई, नियम साधा आहे. जागा चुकली की गुण नाही.

मोजपट्टी
सर, याच नियमाने घोळ होतो. भिंगवाल्यांची विधानं घेऊन बघा. उत्तर १-२-३-४-५. एक मुलगी लिहिते ५-१-२-३-४. पाचही जागा चुकल्या, म्हणून शून्य. दुसरा मुलगा लिहितो १-४-३-२-५. त्याच्या तीन जागा बरोबर, म्हणजे तीन गुण. पण हा दुसरा काय म्हणतोय ते वाचा: आधी गुणसूत्रं मध्यावर येतात, मग तंतू जोडले जातात आणि मग आवरण जातं. याला सुरुवात आणि शेवट सोडून काही आलेलं नाही.

त्यापेक्षा लागोपाठच्या जोड्या मोजा. १ नंतर लगेच २, २ नंतर ३, ३ नंतर ४, ४ नंतर ५, अशा चार. मुलीच्या तीन बरोबर, मुलाची एकही नाही. तपासायलाही वेळ लागत नाही, उत्तरावरून नजर फिरवत टिका मारायच्या.

खवचट मास्तर
पण ताईंची मुलगी चुकलीच ना? अर्धगुणसूत्रं आधी विलग झाली आणि मग गुणसूत्रं जाड झाली, याला तीन गुण?

मोजपट्टी
पेशीचक्र गोल फिरतं. एका विभाजनाची पश्चावस्था पुढच्या विभाजनाच्या पूर्वावस्थेआधी येतेच. प्रश्नात 'अंतरावस्थेनंतर लगेच जे घडते तिथपासून' असं लिहिलेलं नसेल, तर तिने चाक दुसऱ्या ठिकाणी धरलं एवढंच.

खवचट मास्तर
हे मुलीच्या मनात होतं की तुमच्या?

इंदिरानगरची आई
मनात काहीही असो, कागदावर तीन जोड्या बरोबर होत्या!!

निफाडकर
तुमचं गुणांचं चालू द्या. मला सांगा, आकृत्या कशाला? आपण कांद्याच्या राशीवर बसलोय आणि पोरांना छापील चित्रं दाखवतो. कांद्याचा बुड पाण्याला टेकेल असा ग्लासच्या तोंडावर ठेवा, दोन-चार दिवसांत मुळ्या येतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टोकं कापा. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, त्यात एक दिवस ठेवा. मग अ‍ॅसिटोकार्मिनचे नऊ-दहा थेंब, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, हलकी ऊब. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबा की झालं.

कॉलेज रोड
होत नाही हो. बहुतेक वर्गांत नुसते लांबट डबे दिसतात, विभाजन शोधूनही सापडत नाही.

निफाडकर
लांबट पेशी दिसल्या म्हणजे मुळी वरून कापली. विभाजन अगदी टोकाच्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये असतं. रंग दिल्यावर जो भाग गडद होतो तेवढाच ठेवा, बाकी फेका. पेशी एकावर एक दिसल्या तर ऊब कमी पडली किंवा दाब कमी पडला. दाबताना काच सरकली तर सगळ्याची पेस्ट होते, सरळ खाली दाबायचं. आणि काढणी होऊन फार दिवस न झालेला उन्हाळ कांदा घेऊ नका, तो सुप्तावस्थेत असतो, मुळ्या लवकर फुटत नाहीत. चाळीत राहून कोंब डोकावू लागलेला बघून घ्या.

पंचवटी
लासलगावला गॅमा किरण मारलेला कांदा चालेल का? तो तर कोंबच येऊ नयेत म्हणून मारतात.

निफाडकर
मग तुम्हीच उत्तर दिलंत. वाढीच्या टोकातल्या विभागणाऱ्या पेशींना मार बसतो, म्हणून तर कोंब थांबतो. प्रयोगाला साधा कांदा घ्या.

पंचवटी
कोंबाचं कळलं, मी मुळ्यांचं विचारत होते.

भिंगवाला
निफाडकर, स्लाइड करा, नक्की करा. पण स्लाइडवरून क्रम कळतो असं पोरांना सांगू नका. त्या पेशी मेलेल्या आहेत, जिथे होत्या तिथे थिजल्या. एका पेशीची गुणसूत्रं मध्यावर दिसतात, दुसरीची ध्रुवांकडे. आधी कोण, हे स्लाइड बोलत नाही. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या अळ्यांच्या जिवंत पेशी तासन्‌तास पाहिल्या म्हणून क्रमाची खात्री करता आली, आणि १८८२ मध्ये ते ग्रंथात मांडलं. स्लाइडवर मोजता येतं ते वेगळं: कोणत्या अवस्थेत किती पेशी आहेत. पूर्वावस्थेच्या खूप आणि पश्चावस्थेच्या थोड्या दिसतात, कारण पूर्वावस्था जास्त वेळ चालते.

निफाडकर
म्हणजे माझी स्लाइड फुकट?

भिंगवाला
फुकट कोण म्हणालं? ओळखायला वापरा. आणि तिथेही एक सापळा आहे, सरांच्या जोड्यांमधल्या चौथ्या चित्रात तोच आहे. अंत्यावस्थेचं एकच केंद्रक कापून छापलंय. एकट्या केंद्रकात अर्धवट सैल झालेली गुणसूत्रं पूर्वावस्थेसारखीच दिसतात. मोठ्या माणसालाही ओळखता येणार नाही. शेजारचं दुसरं केंद्रक आणि मधली तयार होणारी भिंत, दोन्ही चित्रात हवीत. केंद्रकं आकाराने लहान आणि जोडीने असली की अंत्यावस्था.

सातपूरचे सर
जागा वाचवायला कापलं होतं. पूर्ण चित्र टाकतो. तारककाय काढतो. पण जोड्या चारास चारच ठेवणार, पोरांना सोप्या जातात.

मोजपट्टी
सोप्या जातात कारण चौथी आपोआप मिळते. तीन आल्या की उरलेलीला रेघ ओढायची. म्हणून 'बरोब्बर तीन' हा निकाल येऊच शकत नाही. डोळे मिटून रेघा ओढल्या तर २४ प्रकारे ओढता येतात, त्यातल्या १५ मध्ये निदान एक तरी बरोबर निघते.

कॉलेज रोड
मग आठास आठ द्या. अंदाजपंचे मिळणारे गुण कमी होतील.

मोजपट्टी
नाही होत. चारास चार असो की आठास आठ, अंदाजाने सरासरी एकच जोडी जुळते. आठांमध्ये त्या एकीचं वजन कमी एवढंच, आणि पोरांचा कागदावर रेघांचा गुंता. त्यापेक्षा डावीकडे सहा वर्णनं, उजवीकडे चार अवस्था, आणि सूचना 'एक अवस्था एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकते'. तारककाय सरकणं आणि केंद्रिका विरणं ही दोन्ही विधानं तिथे आनंदाने पूर्वावस्थेला जोडता येतील. फक्त तेव्हा आकृती प्राण्याच्या पेशीची.

सातपूरचे सर
म्हणजे कांदा काढू?

निफाडकर
नाशिकला बसून कांदा काढणार? क्रमाच्या प्रश्नात कांदा राहू द्या, जोड्यांना दुसरं चित्र घ्या.

कॉलेज रोड
क्रमात जीवद्रव्याचं विभाजन सहावं घालता येईल का? 'अंत्यावस्था संपल्यावर', म्हणजे शेवट नक्की.

भिंगवाला
नको. ते अंत्यावस्था संपायची वाट बघत नाही. प्राण्याच्या पेशीत पश्चावस्था सरतानाच बाहेरून खाच पडू लागते, कांद्यात मधोमध पेशीपट्टिका तयार होऊन कडेकडे वाढते आणि तेव्हा केंद्रकावरण बनणंही चालूच असतं. 'पूर्ण होते' असं लिहिलं तर शेवटी चालेल. 'सुरू होते' लिहिलंत की पुन्हा क-ब.

इंदिरानगरची आई
सर, तपासणीचं अजून बोलला नाहीत. लागोपाठच्या जोड्या मोजणार की जागा?

सातपूरचे सर
संच मी करतो ताई, बोर्ड माझ्या हातात नाही. सरावात मोजेन जोड्या.

खवचट मास्तर
पाच विधानांत जोड्या चार. पाचवा गुण कशाचा द्यायचा ते आधी ठरवा.