रविवारच्या जेवणाची यादी आणि तो नऊ खणांचा तक्ता

पाटील काका (बी-३०२): काल रात्री ओंकारने इथं जो नऊ खणांचा तक्ता टाकला त्यात माझा फ्लॅट 'लॉफुल ईव्हिल'मध्ये घातलाय. ईव्हिलचा अर्थ आम्हाला कळतो. दर महिन्याला १ तारखेला मेंटेनन्स भरणारा माणूस दुष्ट कसा? खुलासा व्हावा.

ओंकार: काका रागावू नका ओ, तुम्हाला नाही, सवयीला म्हटलंय. आडवं बघताना नियम पाळला तर लॉफुल, मोडला तर केऑटिक, उभं बघताना दुसऱ्याचा विचार केला तर गुड, फक्त स्वतःचा तर ईव्हिल. दोन्ही वेगवेगळं मोजायचं

शिंदे वहिनी: ए विंगच्या जिन्यासमोर बुलेट कुणाची आहे?

पाटील काका: वहिनी विषय भरकटवू नका. नियम पाळणारा चांगलाच असतो.

कुलकर्णी सर: काका तसंच आधी होतं जवळपास. हे मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातलं. १९७४ला त्यात लॉ, न्यूट्रल, केऑस एवढंच होतं. गुड-ईव्हिलची दुसरी रेघ खेळ बनवणाऱ्यांपैकी गॅरी गायगॅक्सने १९७६ला एका लेखात आणली, पुढं नऊ खण झाले. मग नियमात राहून त्रास देणाऱ्यालाही जागा मिळाली 😄

पाटील काका: टोमणा कळला सर.

ओंकार: रविवारचंच घ्या की. तांबड्या-पांढऱ्यासाठी नावं सहापर्यंत द्यायची होती, तुम्ही ५:५८ला अकरा ताटं लिहिलीसा आणि पाहुण्यांचे वेगळे पैसे घ्यायचे असं यादीत कुठं लिहिलंय म्हणून वर्गणी तेवढीच दिली. नियम एक मोडला नाही पण भुर्दंड सगळ्यांना. सचिनदादाचा रिप्लाय साडेआठला, तोवर ऑर्डर गेलेली, पण आजींना तिखट चालत नाही हे त्यालाच आठवलं आणि गाडी काढून स्वतःच्या पैशानं वरणभात घेऊन आला. हे केऑटिक गुड

सचिन: नाद खुळा 😎

शिंदे वहिनी: बुलेट कुणाची आहे? दुसऱ्यांदा विचारतेय

देसाई मॅडम: आणि मला उशिरा रिप्लाय देते म्हणून केऑटिक ईव्हिल? माझी नाइट ड्युटी असते, दुपारी उठून मेसेज बघते. वेळ ठरवून दिली नसेल तर मी नियम मोडला तरी कुठला? आणि उशीर बघून मनात काय होतं ते कसं कळलं तुला

कुलकर्णी सर: बरोबर आहे. नुसत्या उशिरावरून उभी ओळ ठरत नाही, त्यानं पुढं काय केलं ते बघावं लागतं.

ओंकार: सॉरी मॅडम, मधल्या खणात घेतो. तिथं गायकवाड काका आहेतच, दोन्ही बाजूंना अंगठा देतात

गायकवाड काका: 👍

पाटील काका: पाहुण्यांचे पैसे पाठवतो. पावती पाहिजे.

सेक्रेटरी: बरं काका 🙏

शिंदे वहिनी: बुलेट?????

सचिन: माझीच आहे वहिनी, दोन मिनिटांसाठी लावलेली

शिंदे वहिनी: काल संध्याकाळपासून

ओंकार: दादा, या सवयीला वेगळा खण लागतोय, दोन ओळी खाली

सचिन: खण नंतर, किल्ली सापडंना झालीय