मदत हवी आहे: परिपाठात बायबलमधली गोष्ट सांगायचीय, पण धर्मप्रचार वाटायला नको

वसईची_मेरी
नमस्कार मंडळी. मी आठवीला शिकवते, शाळा ख्रिस्ती ट्रस्टची आहे पण मुलं सगळ्या धर्मांची, निम्म्याहून जास्त हिंदू, मुस्लिम बरीच, बौद्धही आहेत. येत्या सोमवारी परिपाठात चार मिनिटं बोलायचंय, विषय बायबलमधून घ्यायचा. मी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट निवडलीय. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यांनी शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला लावून येशूला हृदयात बोलवा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पालक भेटायला आले, त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. ही गोष्ट माझ्या श्रद्धेची आहे, ती मला लपवायची नाही, पण कोणाच्या लेकराला कानकोंडं वाटलेलं मला चालणार नाही. सुरुवात आणि शेवट कसा करू?

सह्याद्रीकर
ताई, कायद्याने शाळेत कुठलाच धर्मग्रंथ आणता येत नाही. संविधानाचं कलम २८ बघा. उगाच अडचणीत याल.

जुना_मास्तर
सह्याद्रीकर, अर्धंच बरोबर आहे. २८(१) ची बंदी पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना आहे आणि तीही धार्मिक शिक्षणावर. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेला २८(३) लागू, म्हणजे धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. त्यामुळे मेरीताई, गोष्ट सांगा पण तिला प्रार्थना जोडू नका, कारण परिपाठातून उठून जायची सोय मुलांना नसते.

आता गोष्टीचं. पहिलंच वाक्य "ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्ये, लूकच्या दहाव्या अध्यायात, येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे" असं ठेवा. "देव आपल्याला सांगतो" म्हटलं की "आपल्याला" या शब्दातच अर्धी मुलं बाहेर पडतात किंवा ओढली जातात. मग थेट रस्त्यावर न्या. यरुशलेम उंचावर, यरीहो खोल खाली, सुमारे हजार मीटर उतार, दोन्ही बाजूंना ओसाड डोंगर, तिथे एकाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलाय. याजक म्हणजे मंदिरातला पुजारी, तो बघून पलीकडच्या बाजूने जातो, मंदिरात सेवा करणारा लेवीही तसाच. मग शोमरोनी येतो. इथे एक मिनिट थांबा, कारण मुलांना शोमरोनी म्हणजे कोण हेच माहीत नसतं आणि मग गोष्टीची धारच जाते. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं, उपासना यरुशलेमेत करायची की गरिज्जीम डोंगरावर यावरून. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो.

आणि तुमच्या भीतीचं उत्तर गोष्टीतच आहे. शोमरोनी जखमीला धर्म विचारत नाही, बरं झाल्यावर आमच्या डोंगरावर ये असंही म्हणत नाही. शेवटपर्यंत दोघं आपापल्या धर्मातच राहतात. एवढं नुसतं सांगितलंत तरी बसेल.

कोकणी_मुलगी
याजक सोवळं मोडेल म्हणून गेला ना? आम्हाला असंच शिकवलेलं.

जुना_मास्तर
बरेच जण तसं म्हणतात, पण गोष्टीत कारण दिलेलंच नाही. म्हणून ते मुलांवरच सोडा, तो का थांबला नसेल? घाई असेल, भीती वाटली असेल, मुलं खूप खरं बोलतात. कारण पुरवलंत की यहुदी वाईट असा अर्थ निघतो, आणि सांगणारा येशू स्वतः यहुदीच होता. तसंच "एक हिंदू गेला, मग एक मुसलमान आला" असं आपल्याकडचं रूपांतर कृपया करू नका, वर्गात लगेच माना वळतात.

नगरचा_इम्रान
मी मिशनरी शाळेत शिकलो. गोष्टी खूप आवडायच्या, अजून आठवतात. पण शेवटी हात जोडायला सांगायचे तेव्हा मी हात खिशात घालून उभा राहायचो आणि कोणी बघतंय का म्हणून घाबरायचो. आमच्याकडे हदीसमध्ये विहिरीत उतरून बुटात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्याची गोष्ट आहे, तीही सांगा ना.

पैठणकर
आणि एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी गाढवाला पाजलं ती. तिन्ही एकत्र घ्या, कोणाला राग येणार नाही.

जुना_मास्तर
चार मिनिटांत तीन गोष्टी कोंबल्या तर एकही राहत नाही. वेगवेगळ्या सोमवारी घ्या, सांगणाराही शक्यतो त्या घरातला असू द्या.

पैठणकर
मला नाही पटत. पहिल्या सोमवारी फक्त बायबल आलं तर पालकांना पुढच्या सोमवारचं कुठे माहीत असतं?

वसईची_मेरी
पैठणकरांचा मुद्दा खरा आहे, महिन्याचं वेळापत्रक आधी नोटीस बोर्डावर लावता येईल का ते बाईंना विचारते. शेवट असा लिहिलाय: "येशूला एकाने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? गोष्ट सांगून येशूने उलट विचारलं, या तिघांपैकी त्या जखमीचा शेजारी कोण झाला? त्या माणसाच्या तोंडून शोमरोनी हा शब्द निघेना, तो म्हणाला, ज्याने दया केली तो." इथेच थांबून वर्गात जायला सांगायचं, आमेन नाही, हात जोडणं नाही. पण कोणी वर्गात येऊन विचारलं की टीचर तुम्ही येशूला देव मानता का, तर काय सांगू?

नगरचा_इम्रान
हो म्हणा ना. त्याने विचारलंय, तुम्ही नाही.