मदत हवी आहे: एकच पणजी, वंशावळीत दोनदा

नमस्कार मंडळी. मी ग्रॅम्प्समध्ये आमची वंशावळ भरतोय, घर मालवणजवळ. पणजीचं माहेरचं नाव गोदावरी. लग्नात नाव बदलून लक्ष्मी ठेवलं, आपल्याकडची जुनी रीत. मी जुन्या पत्रांवरून गोदावरी भरली होती, चुलतभावाने फेरफारातलं वारस म्हणून लागलेलं नाव पाहून लक्ष्मी. त्याची गेडकॉम फाइल आयात केली आणि पणजोबा दोनदा आले, एकदा गोदावरीसोबत, एकदा लक्ष्मीसोबत! आजोबाही दोनदा. आयात करताना ग्रॅम्प्स जुन्या नोंदींशी जुळवत नाही, सगळी माणसं नवी म्हणून घालतो, हे तेव्हा कळलं.

आधी बॅकअप घेतला. मग नवरा तोच आणि मुलंही तीच आहेत हे ताडून दोन्ही नोंदी निवडल्या आणि Merge केलं. गोदावरी मुख्य राहिली, लक्ष्मी Names टॅबमध्ये गेली. तिथे प्रकार Married Name केला, लग्नाचं साल टाकलं आणि फेरफाराचा संदर्भ त्याच नावाला जोडला. इथवर ठीक.

अडलंय ते आडनावाशी. पणजोबांपर्यंत परब, आजोबांनी मुंबईला गिरणीत लागताना गावावरून आडनाव लावलं. आजोबांना परब हे Birth Name ठेवून नवं आडनाव पर्यायी नाव म्हणून देऊ, की उलट? मुलांना तर जन्मापासून नवंच आहे. यादीत सगळे एकत्र दिसावेत म्हणून Group as मध्ये परब लिहिलं, पण ती सोय फक्त मांडणीपुरती दिसते. शिवाय गेडकॉममध्ये पहिलं NAME मुख्य धरलं जातं, म्हणजे परब मुख्य ठेवलं तर भावाकडे आजोबा परब म्हणूनच दिसणार आणि तो पुन्हा नवे आजोबा भरणार.

कोणी असं हाताळलंय का?