मदत हवी आहे: CCNP रिन्यूअल, पुन्हा परीक्षा की क्रेडिट्स?

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका सीनियर सरांसाठी विचारतोय. त्यांच्या CCNP Enterprise या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत पाच महिन्यांत संपते. एकदा संपली की कोअर म्हणजे मुख्य आणि कॉन्सन्ट्रेशन म्हणजे एका खास विषयाची, अशा दोन्ही परीक्षा पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आत्ताच ठरवायचंय.

सरळ वाट म्हणजे एक कोअर परीक्षा, 350-401 ENCOR, १२० मिनिटं. सरांचा हात राउटिंगवर पक्का आहे, पण ऑटोमेशनशी रोजचा संबंध नाही, आणि या पेपरात मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. नापास झाले तर फी गेली आणि वेळही.

परीक्षा न देता नुसत्या क्रेडिट्सवर, म्हणजे शिक्षणाचे गुण जमवून, रिन्यू करायचं तर ८० लागतात. ती सिस्कोने मान्य केलेल्या कोर्स आणि उपक्रमांचीच धरतात, दुसऱ्या कंपनीचं क्लाउड ट्रेनिंग चालत नाही.

मला मधला रस्ता पटतोय: ४० क्रेडिट्स आणि एक कॉन्सन्ट्रेशन परीक्षा. ENARSI या प्रगत राउटिंगच्या कोर्सला ४० क्रेडिट्स मिळतात आणि तोच अभ्यास त्याच्या 300-410 या कॉन्सन्ट्रेशन परीक्षेला चालतो, विषयही सरांच्या रोजच्या कामाचा, OSPF आणि BGP. फक्त कोर्सचा खर्च मोठा, तो कंपनीने उचलला तरच.

ज्यांनी या वाटेने केलंय त्यांनी सांगा: कोर्स संपल्यावर क्रेडिट्स खात्यात दिसायला किती दिवस लागले? मुदतीआधी किती दिवस राखून ठेवावेत? आणि पन्नाशीजवळच्या माणसाला ENARSI च्या तयारीला रोज दीड तास पुरेल का?