मदत हवी आहे: व्हेरिअन्स ऋण येतोय, चूक कुठे?

तिसरापाय
0 ते 2 या पट्ट्यावर डेन्सिटी `f(x) = x(2 − x)` अशी दिली आहे, बाहेर शून्य. सरासरी आणि व्हेरिअन्स काढायचा आहे. मी केलं ते असं:

```
∫ x·f(x) dx  = 16/3 − 4 = 4/3
∫ x²·f(x) dx = 8 − 32/5 = 8/5
व्हेरिअन्स   = 8/5 − (4/3)² = −8/45
```

इंटिग्रल दोनदा तपासले, बरोबर आहेत. एकूण एक येतं का हेही पाहिलं: x = 1 ला f ची किंमत बरोबर 1 आहे, त्याहून वर कुठेच जात नाही. मग उत्तर ऋण कसं?

खडूफळा
इंटिग्रल बरोबर आहेत, तपासणी चुकली आहे. तुम्ही आलेखाची उंची पाहिलीत. एक यायला हवं ते आलेखाखालचं क्षेत्रफळ. उंचीवर तसं काही बंधन नाही. पट्टा अरुंद असेल तर डेन्सिटी 5 किंवा 50 सुद्धा असू शकते. तुमच्या फलनाचं क्षेत्रफळ 4 − 8/3, म्हणजे 4/3 भरतं. त्यामुळे ही डेन्सिटीच नाही. प्रश्नात आधी `k` असणार, उतरवताना सुटला असेल.

तिसरापाय
बघितलं. `k·x(2 − x)` आहे, आणि "k काढा" हा वेगळा उपप्रश्न होता. तो मी शेवटी करायला ठेवला होता.

घाईत
मग सोपं आहे, सगळं परत करायची गरज नाही. k = 3/4. आलेल्या दोन्ही उत्तरांना 3/4 ने गुणा.

खडूफळा
सरासरीला चालेल: 4/3 × 3/4 = 1. व्हेरिअन्सला चालणार नाही. −8/45 ला 3/4 ने गुणलं तर −2/15 येतं, म्हणजे ऋण ते ऋणच. कारण वजाबाकीतल्या पहिल्या पदात k एकदाच येतो, पण दुसऱ्यात सरासरीचा वर्ग आहे, तिथे k² येतो. एकच k बाहेर काढता येत नाही. म्हणून वजाबाकी करण्याआधी दोन्ही इंटिग्रलांना वेगवेगळं गुणायचं:

```
E[X]  = 4/3 × 3/4 = 1
E[X²] = 8/5 × 3/4 = 6/5
Var   = 6/5 − 1²  = 1/5
```

सरासरी 1 येणार हे आलेखावरूनच दिसतं, तो x = 1 भोवती सममित आहे. तुम्हाला 4/3 आलं तेव्हाच थांबायला हवं होतं, व्हेरिअन्सपर्यंत जायची गरज नव्हती.

घाईत
k² लक्षात आलं नाही, मान्य. पण क्षेत्रफळ चुकलं की व्हेरिअन्स ऋण येऊन चूक उघडी पडतेच ना? मग आधी तपासलं काय, नंतर काय.

खडूफळा
नाही पडत. इथे क्षेत्रफळ एकाहून जास्त होतं म्हणून पडली. आणि जास्त असलं तरी दर वेळी पडेलच असं नाही. कमी असेल तर ऋण कधीच येणार नाही. हेच फलन क्षेत्रफळ 1/2 होईल असं घ्या: 3/5 − 1/4 = 0.35. धन, दिसायला साजरं, आणि खऱ्या 0.2 पेक्षा पाऊणपट जास्त. अशी चूक उत्तरपत्रिकेत तशीच राहून जाते.

लांबशेपूट
माझं थोडं वेगळं आहे, इथेच विचारतो. x ≥ 1 साठी `2/x³`. क्षेत्रफळ 1 आहे, हाताने काढलंय. सरासरी 2. पण संगणकावर इंटिग्रल 1000 पर्यंत घेतलं तर व्हेरिअन्स साधारण 9.8 येतो, 10000 पर्यंत घेतलं तर 14.4. पायऱ्यांची रुंदी कमी करूनही फरक नाही.

खडूफळा
पायऱ्यांचा दोष नाही. x² ने गुणल्यावर `2/x` उरतं, त्याचं इंटिग्रल `2 ln x`, आणि ते वाढतच राहतं. हद्द दहापट केली की दर वेळी साधारण 4.6 ची भर पडेल. क्षेत्रफळ एक आहे, सरासरी आहे, व्हेरिअन्स मात्र सांत नाही. क्षेत्रफळाची तपासणी इथे पुरत नाही. शेपटी किती वेगाने उतरते ते वेगळं पाहावं लागतं.

घाईत
प्रत्यक्षात कुठलीच मापं अनंतापर्यंत जात नाहीत. 1000 वर तोडा, उरलेलं क्षेत्रफळ पुन्हा एक करा, 9.8 घ्या.

खडूफळा
तोडायला हरकत नाही, पण मग ती वेगळी डेन्सिटी झाली. 1000 पलीकडे फक्त दहा लाखांत एक भाग क्षेत्रफळ आहे, तरी व्हेरिअन्स त्याच टोकावर ठरतो. 1000 च का, याचं कारण मापनातून यायला हवं.

लांबशेपूट
माझ्याकडे तसं कारण नाही. हद्द मीच सोयीने घेतली होती. मग पसरटपणासाठी व्हेरिअन्सऐवजी चतुर्थकांमधलं अंतर दिलं तर चालेल का?

तिसरापाय
माझं 1/5 जुळलं. k चा उपप्रश्न पहिला होता, आता कळलं का ते.